मार्बल की व्हिट्रिफाइड? उन्हाळ्याच्या गावातला फरशीचा हिशेब

नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात घराचं काम निघालं की फरशीवर वाद ठरलेला असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, मार्बल टाका, उन्हाळ्यात पायाला गार लागतो. मुलगा किंवा सून म्हणते, व्हिट्रिफाइड टाइल्स टाकू, डाग पडत नाहीत आणि काम लवकर उरकतं. दुकानदार दोघांनाही खूश ठेवतो. त्याच्या शोरूममध्ये एसी चालू असतो, त्यामुळे तिथे मार्बलही गार लागतो आणि टाइलही.

या वादातला मुख्य मुद्दा, म्हणजे गारव्याचा, आधी तपासून घ्यायला हवा. मार्बल गारवा तयार करत नाही. रात्रभर एकाच बंद खोलीत पडलेला मार्बलचा तुकडा, टाइलचा तुकडा आणि लाकडी पाट या तिघांचं तापमान सकाळी जवळपास सारखंच असतं. तरी हात लावला की मार्बल सर्वांत गार लागतो, टाइल त्याखालोखाल आणि पाट कोमट. कारण हाताला तापमान कळत नाही, त्वचेतून उष्णता किती वेगाने निघून जाते ते कळतं. मार्बलमधून उष्णता टाइलपेक्षा साधारण दुपटीने सहज वाहते, शिवाय तो जाड आणि जड असतो. म्हणून तो पायातली उष्णता झरझर ओढून घेतो.

प्रत्यक्षात हा फरक किती? तळपायाच्या त्वचेचं तापमान ३३ अंश आणि फरशीचं ३० अंश धरलं, तर पाय टेकल्या क्षणी जिथे पाय आणि फरशी भेटतात तिथलं तापमान मार्बलवर ठोकळमानाने ३१ अंश येतं आणि व्हिट्रिफाइड टाइलवर ३१.३ अंश. म्हणजे सारा वाद एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शासाठी. हा फरक जाणवत नाही असं नाही. दुपारी फरशीवरच चटई न टाकता आडवं होणाऱ्याला तो नक्की जाणवतो. पण त्याने खोलीतली हवा गार होत नाही आणि पंख्याखालचा घामही कमी होत नाही.

आता उलटी स्थिती पाहू. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, मे महिना, डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब. संध्याकाळी अशा घरात फरशीचं तापमान ३८ अंशांवर जाऊ शकतं, म्हणजे पायापेक्षा जास्त. आता उष्णता फरशीकडून पायाकडे येते आणि ज्या दगडातून ती सहज वाहते तोच दगड जास्त चटका देतो. गार म्हणून घेतलेला मार्बल अशा घरात टाइलपेक्षा कणभर गरमच लागतो. वडीलधाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो, तो फक्त दुसऱ्या घरातला असतो.

तो अनुभव जमिनीवरच्या घराचा आहे. जमिनीत तीन-चार मीटर खाली गेलं की उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार जवळजवळ संपतो आणि मातीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ थांबतं. नागपूरकडे ही सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. बाहेर पारा ४५ ला टेकलेला असताना खालची माती कितीतरी गार असते आणि तळमजल्याची फरशी तिला टेकलेली असते. खोलीतून आलेली उष्णता ती खाली मातीत सोडत राहते. जुन्या वाड्यांची शहाबादी फरशी असो, कोटा असो, मार्बल असो किंवा साधा कोबा, गारव्याचा मोठा वाटा खालच्या मातीचा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या फरशीखाली माती नसते, शेजाऱ्याचा पंखा लटकलेला स्लॅब असतो.

याची खात्री घरीच करता येते. मार्बलचा आणि टाइलचा एकेक तुकडा दुकानातून मागून आणावा, आपल्याच खोलीत एक रात्र ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमाराला दोन्हींवर हात ठेवून पाहावा. बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर कुणाकडे असेल तर त्याने मोजावं. आकडे जवळजवळ सारखेच दिसतात. शोरूममधल्या एसीत घेतलेल्या अनुभवावर लाखभराचा निर्णय घेण्यापेक्षा ही परीक्षा बरी.

म्हणून छोट्या घराचा पहिला प्रश्न मार्बल की टाइल हा नसून घर जमिनीवर आहे की स्लॅबवर, हा आहे. त्याचं उत्तर मिळालं की मग वजन, डाग, जोडणी आणि खर्च या गोष्टी पाहायच्या.

उदाहरणादाखल दुसऱ्या मजल्यावरचा एक जुना वन बीएचके घेऊ. हॉल १० बाय १५, बेडरूम १० बाय १२, किचन ८ बाय १० आणि ३० चौरस फुटांचा पॅसेज. फरशीचं क्षेत्र झालं ३८० चौरस फूट. भिंतीलगतच्या चार इंची स्कर्टिंगसाठी आणखी ३७ धरू, म्हणजे ४१७. खाली पूर्वीची मोझॅक टाइल आहे, झिजलेली पण घट्ट बसलेली.

मार्बल साधारण १८ मिलिमीटर जाडीचा येतो. ३८० चौरस फुटांचा मार्बल जवळपास १,७०० किलो भरतो. तो सिमेंट-वाळूच्या मालावर बसवतात. या मालाचा थर ३५ मिलिमीटर धरला तर त्याचे आणखी अडीच टन. एकूण चार टनांच्या वर वजन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२० किलो. इमारतीचा स्लॅब डिझाइन करताना फरशीसाठी साधारणपणे चौरस मीटरला १०० ते १५० किलो धरलेले असतात. जुनी मोझॅक आणि तिच्याखालचा माल यांनी ती जागा आधीच खाल्लेली आहे. त्यामुळे इथे मार्बल टाकायचा तर जुनी फरशी फोडून, डबर खाली नेऊनच टाकावा लागेल. मोझॅकवरच मार्बल चढवायला तयार होणारा मिस्त्री भेटतो, पण त्याच्यापेक्षा स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ऐकावं.

व्हिट्रिफाइड टाइल नऊ-दहा मिलिमीटरची असते. तेवढ्याच जागेचं तिचं वजन साधारण साडेसातशे किलो होतं. घट्ट बसलेल्या जुन्या फरशीवर ती टाइल अॅडहेसिव्हच्या चार-पाच मिलिमीटरच्या थराने थेट चिकटवता येते. त्यात अॅडहेसिव्हच्या वीस किलोच्या चौदाएक गोण्या जातात. सगळं मिळून एक टनाच्या आसपास. फरशीची उंची दीड सेंटिमीटरने वाढते, म्हणून दारं खालून तासावी लागतात आणि बाथरूमच्या उंबऱ्याकडे लक्ष द्यावं लागतं. त्याआधी जुनी मोझॅक काठीने ठोकून पाहायची. जिथे पोकळ आवाज येईल तेवढाच भाग फोडून भरून घ्यायचा.

खर्चाचे दर गावागणिक बदलतात, म्हणून इथे फक्त हिशेबाची पद्धत पाहू. समजा टाइल ६० रुपये फूट आणि भारतीय मार्बल ११० रुपये फूट आहे. दुकानात फरक ५० रुपयांचा दिसतो. पण टाइलची तूटफूट आठ टक्के धरली तर मार्बलची बारा टक्के धरावी लागते, कारण लाद्या एकसारख्या मापाच्या नसतात आणि शिरा जुळवताना कापाकापी होते. मार्बलला मालाचा जाड थर लागतो, बसवायची मजुरी जास्त पडते आणि वर घासाई-पॉलिशचे पैसे निराळे. मालाचे फुटाला २५, बसवणुकीचे ४५ आणि पॉलिशचे २५ रुपये धरले, तर या फ्लॅटचा मार्बल ८९ हजारांना पडतो. जुनी फरशी फोडून हलवायचे सात-आठ हजार त्यात नाहीत. टाइलच्या बाजूला गोणीमागे ५५० रुपये, मजुरी फुटाला ३० आणि ग्राउट वगैरेचे तीन हजार धरून बेरीज ५१ हजार होते. दोघांचा दर विचारताना ‘बसवून, पॉलिश करून, कचरा उचलून किती’ असाच विचारावा.

घासाई हा वेगळाच अध्याय आहे. मार्बल बसवल्यावर माल पक्का व्हायला काही दिवस थांबावं लागतं. मग मशीनखाली जाड दाण्याच्या दगडापासून बारीक दाण्याच्या दगडापर्यंत पाण्यासकट चार-पाच फेऱ्या होतात, शेवटी ऑक्झॅलिक पावडरने चमक काढतात. या काळात खोलीत पांढऱ्या चिखलाचे शिंतोडे कंबरेइतक्या उंचीपर्यंत उडतात. मोकळ्या घरात हे चालतं. माणसं राहत असलेल्या दोन खोल्यांच्या घरात कपाटं कुठे हलवायची, हाच प्रश्न मोठा होतो. मात्र याच घासाईमुळे मार्बलचा सगळा पृष्ठभाग एकसंध होतो, कडा टोचत नाहीत आणि दहा-पंधरा वर्षांनी निस्तेज झाला तर पुन्हा घासून नवा करता येतो. टाइलला ही दुसरी संधी नसते. तिची चमक गेली की गेली.

डागांचा मुद्दा मार्बलच्या जातीवर येऊन थांबतो. मार्बल म्हणजे मुळात चुनखडीचाच भूगर्भात दाबाने आणि उष्णतेने बदललेला अवतार. त्यातला कॅल्साइट आम्लात विरघळतो. लिंबू, चिंच, दही, आमसुलाचं सार सांडलं आणि तसंच राहिलं की तिथली चमक खाल्ली जाते आणि फिकट, खरबरीत वर्तुळ उरतं. हा डाग नसतो, दगडाचा थर गेलेला असतो. त्यामुळे तो कितीही पुसला तरी जात नाही, फक्त घासाईने जातो. बाथरूमसाठी आणलेलं अॅसिड मार्बलवर वापरलं तर एका दिवसात संपूर्ण फरशी मारली जाते. हळद आणि तेल मात्र खरंच आत मुरतात. सीलर लावला तर मुरायला वेळ लागतो आणि पुसायला उसंत मिळते, पण सीलर आम्लाला अडवत नाही.

सगळा मार्बल एकसारखा नसतो. ताजमहालाला वापरलेला मकराण्याचा दगड प्रामुख्याने कॅल्साइटचा, दाट आणि बारीक कणांचा आहे. राजस्थानातल्याच राजसमंद भागातला बराच पांढरा मार्बल डोलोमाइटचा असतो. तो आम्लाला थोडा सावकाश दाद देतो. इटालियन म्हणून विकला जाणारा दगड अनेकदा ठिसूळ असतो, मागे जाळी आणि रेझिन लावूनच तो प्रवास झेलतो. छोट्या घरात, रोज फोडण्या पडणाऱ्या किचनजवळ तो टाकणं म्हणजे हौसेचं मोल सतत फेडत राहणं. घेण्याआधी नमुन्यावर लिंबाचे चार थेंब टाकून अर्धा तास थांबावं. दुकानातले शब्द ऐकण्यापेक्षा ती पांढरी खूण बरंच काही सांगते.

विदर्भ-मराठवाड्यात एक आणखी शत्रू आहे, धूळ. उन्हाळ्यातल्या वावटळीबरोबर घरात येणाऱ्या धुळीत वाळूचे कण असतात. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ आणि ते मार्बलपेक्षा बरंच कठीण असतं. दारातून आलेली ही धूळ चपलेखाली रगडली जाते आणि दरवाजा ते सोफा या वाटेवरचा मार्बल दोन-तीन वर्षांत मंद दिसू लागतो. टाइल इथे टिकते, पण कोणती टाइल, हेही पाहावं लागतं.

व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचं दाबलेलं मिश्रण सुमारे १,२०० अंशांवर भाजून काचेसारखं घट्ट केलेलं. गुजरातेतलं मोरबी हे तिचं माहेर. पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नसेल तरच तिला व्हिट्रिफाइड म्हणायचं. तिचे दोन प्रकार ग्राहकाला माहीत हवेत. डबल चार्ज टाइलमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो. तो झिजायला वर्षं लागतात. जीव्हीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्लेझ्ड टाइलवर मार्बलसारखी सुंदर नक्षी छापलेली असते, पण ती एका पातळ ग्लेझखाली असते. वर्दळीच्या हॉलमध्ये डबल चार्ज, बेडरूममध्ये जीव्हीटी अशी वाटणी व्यवहाराची ठरते. ओळखायचं सोपं आहे. दुकानातला फुटलेला तुकडा मागावा आणि कडेवरून थर पाहावा.

रंग फिका घ्यावा. खिडकीतून थेट ऊन पडतं तिथे आणि बाल्कनीत काळी किंवा गडद तपकिरी फरशी, मार्बलची असो वा टाइलची, दुपारी अनवाणी उभं राहू देत नाही. बाथरूम आणि बाल्कनीत पॉलिशवाली टाइल अजिबात नको, मॅट आणि न घसरणारीच घ्यावी.

आता उष्ण गावातलं टाइलचं सर्वांत मोठं दुखणं. मे महिन्याच्या एखाद्या दुपारी हॉलच्या मधोमध कडकन आवाज होतो आणि दोन टाइल्स तंबूसारख्या वर उचललेल्या दिसतात. घरचे घाबरतात, कुणी भूकंप म्हणतं. कारण साधं असतं. टाइल तापली की प्रसरण पावते. चार मीटरच्या खोलीत वीस अंशांच्या फरकाने ही वाढ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होते. तिच्या खालचा स्लॅब मात्र पहिली काही वर्षं आकसत असतो. टाइल्स एकमेकींना आणि भिंतीला अगदी चिकटवून लावल्या असतील तर हा दाब जायला वाट राहत नाही आणि जिथे पकड कच्ची असेल तिथे टाइल उठते.

पकड कच्ची का राहते, त्याचंही उत्तर टाइलच्या गुणातच आहे. ती पाणी शोषत नाही, म्हणून सिमेंटचा साधा माल तिच्या पाठीत शिरून घट्ट धरत नाही. तिला टाइल अॅडहेसिव्हच लागतं. पाठीवरची पांढरी पावडर ब्रशने झाडायची, दातेरी थापीने अॅडहेसिव्ह सगळीकडे सारखं पसरायचं, टाइलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून बसवू द्यायची नाही. दोन टाइल्समध्ये स्पेसरने दोन-तीन मिलिमीटरचा जॉइंट ठेवून त्यात ग्राउट भरायचं. भिंतीलगत सहा-सात मिलिमीटरची फट मोकळी सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ‘जॉइंट दिसता कामा नये’ असा आग्रह धरणारा घरमालक आणि ‘सिमेंटच चांगलं’ म्हणणारा मिस्त्री एकत्र आले की तंबूची तयारी झालीच. काम संपल्यावर पैसे देण्याआधी नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहावी आणि पोकळ वाजेल ती खडूने खूण करून बदलून घ्यावी. त्याच बॅचची आणि शेडची एक जादा पेटी घरात ठेवावी. पाच वर्षांनी तोच रंग बाजारात मिळत नाही.

तळमजल्यावरचा मार्बल हे मात्र निराळं प्रकरण आहे. तिथे जमिनीचा गारवा मिळतो आणि मार्बल तो पायापर्यंत चांगला पोचवतो. पण त्याच जमिनीतून ओलही वर येते. मार्बलच्या खालून क्षार वर सरकले की कडांना पांढरी पावडर सुटते, पिवळट डाग उमटतात, पांढऱ्या लादीखाली करडं सिमेंट वापरलं असेल तर तो रंगही वर दिसू लागतो. म्हणून खाली सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि काँक्रीटचा थर, आणि पांढऱ्या मार्बलला पांढऱ्याच सिमेंटचा लेप, हा क्रम चुकवू नये. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ती काढून मुरमाचा ठोकलेला भराव न घालता फरशी टाकली तर मार्बल असो की टाइल, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तडा ठरलेला. कोकणात आणि मुंबईत जूनच्या तोंडावर तळमजल्याच्या फरशीला घाम सुटतो, तो ओल नसून दमट हवेतली वाफ गार फरशीवर जमलेली असते. तिथे गार फरशी ही सोय कमी आणि घसरायची भीती जास्त.

या सगळ्याचा निकाल असा लागतो. वरच्या मजल्यावरचं छोटं घर असेल तर फिक्या रंगाची डबल चार्ज व्हिट्रिफाइड टाइल, अॅडहेसिव्ह आणि जॉइंटसह, हेच योग्य. गारव्यासाठी तिथे मार्बलवर जादा पैसे घालू नयेत. जमिनीवरचं स्वतःचं घर, कोरडं हवामान आणि दुपारी फरशीवर आडवं होणारी माणसं असतील तर हॉल आणि बेडरूममध्ये दाट भारतीय मार्बल घ्यायला हरकत नाही, किचनमध्ये मात्र टाइलच. बजेट कमी असेल तर कोटा हाही तितकाच गारवा स्वस्तात देतो.

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर आधी वर पाहावं. वरच्या उदाहरणात मार्बल टाळून सुमारे ३८ हजार वाचतात. तेवढ्यात अशा फ्लॅटच्या डोक्यावरच्या गच्चीला पांढरा परावर्तक रंग किंवा पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक करता येते. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये अशा पांढऱ्या छपरांचा उपक्रम हाती घेतला, तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच जाहीर केलं. गच्ची सोसायटीची असेल तर ठराव मांडावा, परवानगी घ्यावी आणि हे काम मार्चच्या आत उरकून घ्यावं.